कपाटाचं दार : खाचेत जागा ठेवूनही पावसात सांधे का उघडले?

सागवानी | ११ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गुहागरजवळच्या आमच्या घरासाठी भिंतीवरच्या कपाटाची चार दारं केली आहेत. मी राहतो पुण्यात. शनिवार-रविवार गच्चीवरच्या खोलीत लाकूडकाम करतो. दारं एप्रिलच्या शेवटी पुण्यात जुळवली आणि मेमध्ये गावी नेऊन बसवली. काल गावी आलो तर चारांपैकी तीन दारांचे सांधे उघडलेले दिसले. आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे टेकते तिथे दोन्ही बाजूंना साधारण दीड-दीड मिमीची फट आहे. चौथ्या दाराला केसाएवढीच आहे.

मापं सांगतो. दार ४५० रुंद, ७०० उंच. चौकटीच्या पट्ट्या ६० मिमी रुंद आणि २० जाड, सगळा साग. आतल्या कडेला ६ मिमी रुंद आणि १२ खोल खाच चारी बाजूंनी. आडव्या पट्ट्यांच्या टोकांना ११.५ मिमीचे स्टब टेनन, जे त्याच खाचेत बसतात. पॅनेलही सागाचंच आहे, तीन फळ्या जोडून केलेलं, रेषा उभ्या. कडेला पायरी काढून ६ मिमीला थोडी कमी अशी जीभ केली आहे आणि ती खाचेत जाते. पॅनेलला फेविकॉलचा थेंबही लावलेला नाही.

पॅनेल फुगणार हे मला माहीत होतं, म्हणून हिशोब करून जागा ठेवली होती. खाचेच्या तळापासून तळापर्यंत ३५४ मिमी भरतात. पॅनेल मी ३४९ कापलं, म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच मिमी मोकळे. मग सांधे उघडले कसे? फेविकॉल कमी पडला, की स्टब टेननच कमकुवत? मोठे क्लॅम्प आणून फट आवळून टाकायचा विचार आहे. करू का?

नितीन_कामवाले | ११ जुलै, रात्री १०:१५

दादा, स्टब टेननला ताकद नसतेच. अर्ध्या इंचाच्या टेननवर दार किती दिवस टिकणार? मी वीस वर्षं किचनची कामं घेतोय. आमच्याकडे अशा दारात पॅनेलला चारी बाजूंनी ग्लू लावतात. मग पॅनेल आणि चौकट एकजीव होते आणि सांधा उघडायचा प्रश्नच येत नाही. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. तुमचं पॅनेल खाचेत नुसतं लोंबकळतंय, म्हणून सगळा भार त्या छोट्या टेननवर आलाय.

श्रीरंग_पु | ११ जुलै, रात्री १०:३२

पॉलिश कशाचं केलंय? पुढून-मागून पीयूचे तीन हात दिले की लाकूड हवेतला ओलावा घेत नाही, मग फुगायचं कारणच उरत नाही. मला वाटतं मागची बाजू कोरी राहिली असणार.

बापू_सावंतवाडी | १२ जुलै, सकाळी ७:०५

सागवानी, आधी एक सांगतो. क्लॅम्प आवळू नका. दार जसं आहे तसं राहू द्या.

आता नितीनरावांचं. त्यांच्या गिऱ्हाइकांची तक्रार नाही हे खरंच असणार, कारण त्यांचं पॅनेल प्लायचं किंवा एमडीएफचं असतं. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असतात, त्यामुळे ते रुंदीला जवळजवळ हलत नाही. तिथे खाचेत चारी बाजूंनी ग्लू लावणं योग्यच. स्टब टेननचं दार त्यानेच मजबूत होतं. पण भरीव सागाच्या पॅनेलला तसा ग्लू लावलात तर पावसात ते चौकट फोडेल, नाहीतर एप्रिल-मेमध्ये आटताना स्वतःच मधोमध चिरेल. पद्धत तीच, पण लाकूड बदललं की ती चालत नाही.

पॉलिशचंही अर्धंच खरं आहे. पॉलिशने ओलावा आत शिरायला वेळ लागतो, तो थांबत नाही. चार दिवसांची पावसाची झड असेल तर पॉलिश वाचवेल. कोकणातला पाऊस चार महिने असतो, तेवढ्या वेळात कुठल्याही पॉलिशमधून लाकूड आपल्याला हवं तेवढं पाणी पिऊन घेतं.

सागवानी, तुमचा खाचेचा हिशोब मला बरोबर वाटतोय. म्हणूनच एक गोष्ट विचारतो. पॅनेलची पायरी आहे, म्हणजे जिथे जाड भाग संपून जीभ सुरू होते ती कड, ती आणि उभ्या पट्टीची आतली कड यांच्यात एप्रिलमध्ये किती अंतर होतं? आणि आज किती आहे? फोटो टाकलात तर बरं.

मीनल_के | १२ जुलै, सकाळी ९:२०

आमच्याकडेही हेच झालंय! मुख्य दार पावसात इतकं फुगतं की खांद्याने ढकलावं लागतं, आणि दिवाळीनंतर आपोआप सैल होतं. सुताराने दोनदा रंधा मारला. आता उन्हाळ्यात खालून झुरळं येतील एवढी फट पडते. यालाही खाचेचाच उपाय का?

बापू_सावंतवाडी | १२ जुलै, सकाळी ९:४५

मीनलताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. तिथे अख्खं दार भिंतीतल्या चौकटीत अडकतंय, इथे दाराच्या पोटातलं पॅनेल दाराला आतून ढकलतंय. पण एवढं नक्की करा, भर पावसात जास्त रंधा मारू देऊ नका. सध्या दार सगळ्यात रुंद आहे. सहज उघडण्यापुरतंच घासून घ्या आणि घासलेली कड लगेच पॉलिशने बंद करा. नाहीतर त्या कोऱ्या कडेतून ते आणखी ओलावा पिईल.

सागवानी | १२ जुलै, दुपारी १:१०

बापूकाका, फोटो टाकलाय. पायरी आणि उभी पट्टी यांच्यात एप्रिलमध्ये अर्धा-अर्धा मिमी ठेवला होता. पॅनेल चौकटीत नेटकं बसलेलं दिसावं म्हणून मुद्दाम तसं केलं. पायरी ते पायरी ३२९ आणि चौकटीच्या आत ३३०. आज तिथे अंतर शून्य आहे. कागदसुद्धा जात नाही. आता चौकटीच्या आत मोजलं तर ३३३ भरतात.

हे लिहिता लिहिताच लक्षात आलं. जागा मी खाचेत ठेवली, पण पॅनेल खाचेच्या तळाला टेकायच्या आधीच पायरी पट्टीला टेकली.

बापू_सावंतवाडी | १२ जुलै, दुपारी १:५५

बरोबर. जीभ खाचेत मोकळी आहे. पायरीने मात्र दोन्ही उभ्या पट्ट्या बाहेर ढकलल्या. पॅनेल हलायला दोन ठिकाणी जागा लागते आणि त्यातली जी कमी असेल तीच खरी. तुमची खरी जागा दोन्हीकडची मिळून एक मिमी होती.

आमच्या वडिलांच्या हाताखाली असताना माझ्या हातूनही हे झालंय. त्यांनी मला ते दार उघडं करून दाखवलं आणि जिभेच्या टोकाला बोट लावायला सांगितलं. बोटाला खाचेच्या आतली धूळ लागली. म्हणजे जीभ तळापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

तुमच्याकडे ओलावा मोजायचं मीटर आहे का? आणि ज्या चौथ्या दाराला फट नाही, त्याच्या पॅनेलच्या रेषा कशा आहेत तेही बघा.

सागवानी | १२ जुलै, संध्याकाळी ६:३०

मीटर आहे, दोन खिळे रुतवायचं साधंच. एप्रिलमध्ये पुण्यात चारही पॅनेलवर ८ टक्के दाखवत होतं, ते वहीत लिहून ठेवलं होतं. आज इथे १५ दाखवतंय.

चौथं पॅनेल बाकी तिघांहून वेगळं दिसतं खरं. तिघांवर डोंगरासारख्या कमानी आहेत, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या. चौथ्यावर सगळ्या रेषा सरळ, बारीक आणि एकमेकींना समांतर. तीनही फळ्या एकाच ओंडक्याच्या मधल्या कापातल्या होत्या. दिसायला साध्या वाटतात म्हणून त्या मी आतल्या बाजूच्या दाराला लावल्या.

वनविद्या | १२ जुलै, रात्री ८:५०

मी लाकूडशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. तुमच्या आकड्यांवरून हिशोब बसतोय, तो मांडते.

सागाची कमानीच्या रेषांची फळी १०० मिमी रुंद असेल, तर ओलावा एक टक्का वाढल्यावर ती साधारण ०.१८६ मिमी रुंद होते. सरळ रेषांची फळी त्याच वेळी साधारण ०.१०१ मिमी वाढते, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. तुमचा ओलावा ८ वरून १५ झाला, सात टक्के. पायरी ते पायरी ३२९ मिमी होते. ३.२९ गुणिले ०.१८६ गुणिले ७ म्हणजे जवळपास ४.३ मिमी. आज तुम्हाला आत ३३३ भरले, म्हणजे पॅनेल ४ मिमी वाढलं. राहिलेला थोडा फरक कडा दाबल्या गेल्याने असेल, मीटरचाही असेल.

चौथं दार याच हिशोबाने २.३ वाढलं. त्यातला एक मिमी मोकळा होता. उरलेला सव्वा मिमी दोन्हीकडे वाटला जाऊन केसाएवढी फट झाली.

खाचेतलंही बघा. जिभेसकट ३४९ मिमीचं पॅनेल साडेचार मिमी वाढून ३५३.५ होतं. खाचेत ३५४ होते. तुमचा खाचेचा अंदाज खरंच चांगला होता.

एवढंच लक्षात ठेवा की हे आकडे सागाचे आहेत. साग मुळात कमी हलणारं लाकूड आहे. हेच दार ओकचं केलं असतं तर दीडपटीहून जास्त फुगलं असतं. आणि लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांच्या दिशेने, लाकूड नगण्य हलतं. त्यामुळे वर-खाली एक मिमी ठेवलात तरी पुरे.

नितीन_कामवाले | १२ जुलै, रात्री ९:३०

भरीव पॅनेलचं मान्य. माझं सगळं काम प्लायचंच असतं, ते लिहायचं राहिलं. पण टेननबद्दल माझं मत कायम आहे. सांधा पॅनेलने ढकलला हे खरं, पण टेनन लांब असतं, आरपार, खुंटी मारलेलं, तर तो सुटला नसता.

बापू_सावंतवाडी | १३ जुलै, सकाळी ६:५०

नितीनराव, लाकूड फुगताना ज्या जोराने ढकलतं तो जोर फार मोठा असतो. सांधा सुटला नसता तर उभी पट्टी वाकली असती किंवा खाचेची कड फाटली असती. दुरुस्तीच्या दृष्टीने सांधा सुटला हेच बरं झालं.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या दारांना आरपार टेनन आणि वर लाकडी खुंटी असायची, पण ती दारं सहा-सात फुटांची होती. ४५० बाय ७०० च्या कपाटाच्या दाराला, पॅनेल खरोखर मोकळं असेल तर, १२ मिमीचा टेनन मला पुरेसा वाटतो. दार मीटरभराहून उंच असेल किंवा पॅनेलच्या जागी काच असेल तर मी स्टबवर जात नाही.

दूरदेशी | १३ जुलै, सकाळी ८:०५

मी मिनेसोटात राहतो. आमच्याकडे हे सगळं उलटं होतं. जानेवारीत बाहेर उणे वीस आणि घरात हीटर, त्यामुळे घरातली हवा अतिशय कोरडी. मी ऑगस्टमध्ये किचनची दारं केली होती. जानेवारीत प्रत्येक पॅनेलच्या दोन्ही बाजूंना कोऱ्या लाकडाची पांढरट उभी रेघ दिसायला लागली. पॅनेल आटलं आणि खाचेत लपलेली जीभ बाहेर आली. मी जुळवणी आधी केली होती आणि पॉलिश नंतर, म्हणून जिभेला पॉलिश पोचलंच नव्हतं. शिवाय एका दारात सगळा फरक एकाच बाजूला गेला, कारण पॅनेल डावीकडे सरकून बसलं होतं. सागवानी, पॅनेल बाहेर काढाल तेव्हा जिभेला टोकापर्यंत पॉलिश करून घ्या.

सागवानी | १३ जुलै, सकाळी ११:२०

आता कळलं की क्लॅम्प आवळले असते तर पॅनेल फुटलं असतं नाहीतर पट्टी. बापूकाका, दुरुस्ती आत्ता पावसातच करू, की हिवाळ्यापर्यंत थांबू?

बापू_सावंतवाडी | १३ जुलै, दुपारी १२:३५

मी तर पावसातच करा म्हणेन. आत्ता पॅनेल जवळजवळ जास्तीत जास्त रुंद आहे, म्हणजे इथून पुढे ते आटणारच. आज एक-एक मिमी मोकळं ठेवलंत की भागलं. एप्रिलमध्ये करताना पुढे किती फुगेल याचा अंदाज बांधावा लागतो, आता ते डोळ्यांसमोर आहे. पण ग्लू सुकायला वेळ द्या, पावसात तो रेंगाळतो. दार क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा.

पॅनेलची पायरी दोन्हीकडून एवढी मागे घ्या की पायरी ते पायरी आजच्या घडीला ३२८ राहील. चौकट पुन्हा ३३० ला बंद झाली की दोन्हीकडे एक-एक मिमी दिसेल. मेमध्ये तीच फट तीन मिमीच्या आसपास होईल. ती आधीच डोळ्यांपुढे आणा आणि चालणार असेल तरच पुढे जा. वर-खाली लाकूड हलत नाही, तरी तिथेही दोन मिमीची फट ठेवा. मग वर्षभर चारी बाजू साधारण सारख्या दिसतात. डोळ्याला फट खटकत नाही, असमान फट खटकते.

जिभेसकट रुंदी आज ३५२ करा. जीभ बरोबर बारा राहते, आणि मेमध्ये आटूनही पावणेनऊ मिमी खाचेत राहील. तेवढं भरपूर झालं.

वनविद्या | १३ जुलै, दुपारी २:१०

बापूंचे आकडे तपासले, बरोबर येतात. फक्त हा हिशोब मेमध्ये गावच्या घरात ओलावा ८ पर्यंत उतरेल असं धरून आहे. समुद्राकाठी तो इतका खाली येण्याची शक्यता कमी, ११-१२ ला थांबेल. म्हणजे फट तीनऐवजी दोनच्या आसपास राहील.

सागवानी | १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

उशीर झाला, पण दोन दारं झाली. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

दार उघडायला काहीच त्रास झाला नाही. आडव्या पट्टीच्या कडेवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले आणि टेनन सुटून आले. म्हणजे ग्लू आधीच तुटलेला होता. पॅनेल काढल्यावर बापूकाकांनी सांगितलेली खूण बघितली. जिभेच्या कडेवर कुठेही दाब बसल्याची खूण नाही, आणि पायरीच्या कडेवर मात्र पॉलिश चकाकेपर्यंत दाबलं गेलंय.

पायरी मागे घेतली ती राउटरला सरळ बिट लावून, एका वेळी अर्धा मिमी. मग जीभ आणि पायरीची कड १८० च्या पॉलिश पेपरने घासली आणि सगळं पॅनेल टोकापर्यंत पॉलिश करून दोन दिवस सुकवलं. जिभेचे चारही कोपरे तिरपे छाटून टाकले. टेननजवळून ओघळलेला ग्लू कोपऱ्यातच जमतो, तिथे जीभ नसली तर चिकटणार काय? तरीही कोपऱ्यांजवळच्या दोन-दोन इंचांना मेणबत्ती घासली.

सगळ्यात जास्त वेळ गेला टेननवर. जुना फेविकॉल पापुद्र्यासारखा लागलेला होता. त्यावर नवा धरत नाही, म्हणून पटाशीने खरवडून कोरं लाकूड काढलं. त्यात टेनन बारीक झाला आणि खाचेत खुळखुळायला लागला. रंध्यातून सागाचा पातळ छिलका काढला, तो टेननच्या एका बाजूला चिकटवला आणि सुकल्यावर पुन्हा मापात आणला. हाताने दाबून आत जावा आणि उलटं धरल्यावर पडू नये, एवढा घट्ट.

जुळवणी आधी कोरडी करून बघितली, क्लॅम्पसकट. दोन्ही कर्ण मोजले, फरक अर्ध्या मिमीच्या आत. मग एक उभी पट्टी टेबलावर आडवी ठेवली, खाच वर. ग्लू फक्त टेननच्या दोन्ही बाजूंना आणि खांद्याला, खाचेत अजिबात नाही. दोन्ही आडव्या पट्ट्या उभ्या केल्या, त्यांच्यातून पॅनेल वरून सरकवलं आणि दुसरी उभी पट्टी बसवली. दोनच क्लॅम्प, प्रत्येक आडव्या पट्टीच्या बरोबर रेषेत. पहिल्या दारात मी क्लॅम्प थोडा पुढच्या बाजूला लावला होता तर दार वाकलं. लगेच सोडून मध्यावर घेतला. खांद्यातून ग्लूचे बारीक मणी आले की थांबलो.

पॅनेल मध्यात आणायला दोन्हीकडे एक-एक मिमीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या अडकवल्या होत्या. अर्ध्या तासाने त्या काढल्या आणि पॅनेलला एका बाजूने हाताच्या मुठीने हलका ठोका दिला. सरकलं. परत मध्यात आणलं.

बापू_सावंतवाडी | १८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

छान केलंत. तो ठोका प्रत्येक दाराला द्यायचाच. ग्लू पुरता सुकायच्या आत पॅनेल सरकलं नाही तर कुठेतरी चिकटलंय असं समजायचं आणि तेव्हाच मोकळं करायचं.

आता सगळं सुकलं की मागच्या बाजूने वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर एक-एक अर्ध्या इंची बारीक पिन ठोका. ती खाचेच्या मागच्या भिंतीतून जिभेत जाईल, पुढे निघणार नाही. पॅनेल मध्याला धरलं जातं आणि दोन्ही बाजूंना सारखं फुगतं-आटतं. दूरदेशींच्या दाराचं जे झालं ते होत नाही. पिन मध्यावरच हवी. कोपऱ्यात ठोकलीत तर पॅनेल पुन्हा बांधलं जातं.

दूरदेशी | १८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

पिन मारायची नसेल तर खाचेत दोन्ही बाजूंना रबराचे छोटे गोळे टाकतात. इथे ते तयार मिळतात. पॅनेल फुगलं की ते दबतात, आटलं की ढकलून पॅनेल मध्यात ठेवतात. पॅनेल खडखडतही नाही.

बापू_सावंतवाडी | १८ ऑगस्ट, सकाळी ९:००

सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडेही चालतात. पण ते खाचेत बसतील एवढी जागा पावसात उरायला हवी. इथे आज एकच मिमी आहे, त्यामुळे या दारांना पिनच बरी.

नितीन_कामवाले | १८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

बिजागऱ्या कुठल्या लावल्यात? वाटीच्या असतील तर एक बघा. ३५ मिमीची वाटी कडेपासून साधारण ४० मिमीपर्यंत आत येते आणि बारा-एक मिमी खोल जाते. तुमची पट्टी ६० ची आहे, खाच कडेपासून ४८ वर सुरू होते, म्हणून वाचलात. एका गिऱ्हाइकाने ५० च्या पट्टीची भरीव दारं करून आणली होती. वाटीचं भोक थेट खाचेत निघालं आणि स्क्रू जिभेत शिरला. म्हणजे पॅनेल एका कडेला पक्कं झालं. तीन महिन्यांनी मधोमध चीर.

बापू_सावंतवाडी | १८ ऑगस्ट, दुपारी १२:१०

नितीनराव, हे फार मोलाचं सांगितलंत. ५० च्या पट्टीत मी खाच आठच मिमी खोल ठेवतो आणि पॅनेल अरुंद करतो. नाहीतर वाटीच्या बिजागरीऐवजी कडेची साधी पितळी बिजागरी.

श्रीरंग_पु | १८ ऑगस्ट, दुपारी ३:२५

मला अजून एक पटत नाहीये. एवढा खटाटोप करून टेनन खरवडण्यापेक्षा इपॉक्सी का नाही वापरला? तो जुन्या ग्लूवरही धरतो आणि सैल सांध्यातली पोकळीही भरतो.

बापू_सावंतवाडी | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४०

पोकळी भरतो हे खरं. पण खाली जुन्या ग्लूचा पापुद्रा असेल तर इपॉक्सी पापुद्र्याला धरतो, लाकडाला नाही. खरवडायचं काम सुटत नाही. आणि इपॉक्सीने जोडलेलं दार पुढे कधी उघडायची वेळ आली तर ते लाकडासकट फाटतं. मी वापरत नाही.

वनविद्या | १८ ऑगस्ट, रात्री ९:०५

इथे मी श्रीरंगच्या बाजूने थोडं बोलते. पापुद्रा काढून मग छिलका चिकटवण्याऐवजी इपॉक्सी वापरला असता तर काम टिकलं असतं, आणि ओल्या हवेत त्याचा फायदाही आहे. पुन्हा उघडता यावं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय.

सागवानी | ३० ऑगस्ट, रात्री ८:१५

उरलेली दोन दारंही झाली. तिसऱ्याचं पॅनेल ठोक्याने सरकलं. चौथ्याचं, म्हणजे सरळ रेषांचं, सरकलं नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात ग्लू गेला होता. मेण लावायला तोच कोपरा राहिला असावा. मागून पातळ पट्टी खाचेत सरकवून ग्लूचा थर कापला, मग सुटलं. बरं झालं, तेव्हा चाळीसच मिनिटं झाली होती.

चारही दारांना मध्यावर पिन मारल्यात. प्रत्येक दाराच्या वरच्या कडेवर, जी बंद कपाटात दिसत नाही, पेन्सिलने तारीख, मीटरचा आकडा आणि दोन्ही बाजूंच्या फटींची मापं लिहून ठेवली आहेत. आज सगळीकडे १५ टक्के आणि एक-एक मिमी. मेमध्ये गावी जाईन तेव्हा त्याच्या खाली दुसरी ओळ लिहीन आणि इथे कळवीन. फट दोन होते की तीन, ते तेव्हा कळेल.

मीनल_के | ३० ऑगस्ट, रात्री ९:००

सागवानी, अभिनंदन. बापूकाका, आमच्या दाराची कड घासून पॉलिश करून घेतली, गणपतीच्या आधी दार सहज उघडायला लागलं. आता खालच्या फटीचं काय करायचं, त्यासाठी वेगळा धागा काढते.